नवरोबावरचा कॅमेरा

काकूंना दुकानाकडे चालत जाताना कुणी पाहिलंच नव्हतं. त्या धावतच यायच्या. साठीला टेकलेली बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा, खांद्याला पिशवी, आणि चाल अशी की स्टोव्हवर दूध ठेवून आल्यात. शटर खडाडकन वर जायचं, ट्यूबलाइट लागायच्या, आणि चपला काढायच्या आधी त्या कोपऱ्यातल्या उंच टाकीपाशी जाऊन काचेला नाक लावायच्या.

दुकान रंगीत माशांचं. जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा, तीन भिंतींना टाक्याच टाक्या, आणि सगळीकडे पंपांची गुरगुर. काकूंचं आधीचं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं होतं. शाळेचे गणवेश शिवून शिवून डोळ्यांचं पाणी झालं, तेव्हा डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचा भाडेकरू घर सोडताना एक टाकी मागे ठेवून गेला. "फेकून द्या," म्हणाला. टाकीत तीन मासे जिवंत होते. जिवंत माशांना कुठे फेकायचं, म्हणून काकूंनी टाकी घरात आणली, आणि वर्षभरात घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मग हे दुकान.

काकूंचे यजमान, ज्यांना त्या 'अहो' म्हणत आणि बाकी सगळे 'काका', वीज खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर लोकांच्या घरी मीटर पाहून बिलं टाकलेली. त्यांचा एकच विनोद होता आणि तो ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. "आमच्या हिने माझी पुंजी अक्षरशः पाण्यात घातली."

पण काकूंच्या मनात एक गोष्ट सलत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांनी वाढवलेली पिल्लं आणून विकली, आपल्या टाकीत एकही पिढी जन्मली नाही. पाळायला सोपे मासे पिल्लं टाकतात ती वेगळी गोष्ट. काकूंना हवी होती एंजलची पिल्लं. एंजल म्हणजे पतंगासारखा चपटा, लांब पंखांचा मासा. तो जोडीने राहतो, उभ्या पानावर अंडी घालतो आणि आईबाप दोघं मिळून ती राखतात. काकूंची जोडी जमली होती. मादीचं नाव राणीसाहेब, नराचं नवरोबा. राणीसाहेबांनी दोनदा अंडी घातली. दोन्ही वेळा पानावर मोत्यांची रांग लागली, दोन्ही वेळा काकूंनी टॉर्च मारून मारून ती पाहिली, गल्लीभर सांगितली, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर तास-दोन तासांत पान पुसल्यासारखं स्वच्छ झालं. त्या तेवढ्या वेळात केर काढत, बाकीच्या टाक्यांचं पाणी बदलत असायच्या. पाठ फिरली की कुणीतरी हात मारत होतं.

"नवराच खातोय," काकूंनी निकाल दिला. "दुसरं कोण असणार? त्याला काढून वेगळ्या टाकीत टाकते."

"झालं," काका म्हणाले. "घरात काही हरवलं की नवऱ्यावर ठपका. पाहिलंयस का त्याला खाताना?"

पाहिलं नव्हतं. तिथून कॅमेऱ्याचं निघालं.

कॅमेऱ्याचं नाव काढताच पहिली उडी मारली ती नणंदेने. पुढच्या रस्त्यावर तिचं कपड्यांचं दुकान होतं आणि तिथे कॅमेरा होता, तोही साधा नाही.

"वहिनी, क्लाउडवालाच घ्या," ती म्हणाली. "आमच्या दुकानात चोर शिरला, तर त्याने आधी काय केलं? कॅमेराच उपटून खिशात घातला. कार्डवाला असता तर पुरावाही त्याच्याच खिशात गेला असता. पण त्याचं थोबाड तोवर कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसलं होतं. मी घरी बसून फोनवर बघितलं."

"आणि त्याचं भाडं?" काकांनी विचारलं.

"दर महिन्याला थोडंसं द्यावं लागतं, दादा."

"थोडंसं. मी तीस वर्षं लोकांच्या दारात ते थोडंसं टाकत आलो. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे ती मला पाठ आहे. कार्ड एकदा घेतलं की घेतलं. आपल्या वस्तूत आपली आठवण. दुसऱ्याच्या गोदामात आपला मासा कशाला ठेवायचा?"

बहीण-भावाची जुंपली. काकूंना दोघांचंही पटत होतं, आणि ज्याला दोघांचंही पटतं त्याचं काही होत नाही. शेवटी त्यांनी कॅमेरे बसवणाऱ्या बाईलाच बोलावलं.

ती शिडी आणि ड्रिल घेऊन स्कूटरवरून आली. तिशीतली, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं मोजकं. तिने दुकान पाहिलं, टाकी पाहिली, आणि कुठला कॅमेरा हे सांगायच्या आधी विचारलं, "काकू, तुम्हाला नेमकं काय बघायचंय? माणूस की मासा?"

"मासा. अंडी कोण खातो ते."

"मग चोर कॅमेरा घेऊन पळण्याची भीती तुम्हाला नाही. तुमचा चोर पाण्याबाहेर येत नाही." तिने पिशवीतून मुठीएवढा कॅमेरा काढला. "ह्यात दोन्ही सोयी आहेत. इथे कार्डाची खाच आहे. आणि क्लाउड पहिले काही दिवस फुकट देतात, वापरून बघा. आवडलं तर पैसे भरा, नाहीतर बंद करा. फरक एवढाच लक्षात ठेवा. ह्यांचा जो क्लाउड आहे, तो काही हललं की तेवढा तुकडा उचलून पाठवतो, आणि पाठवायला इंटरनेट लागतं. कार्ड हललं-न हललं बघत नाही. सगळं लिहीत राहतं. भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवीन लिहितं."

"मग आधी फुकटचं बघू," काका लगेच म्हणाले.

बसवायला सोपं नव्हतं. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातून जो न दिसणारा उजेड पडतो, तो समोरच्या काचेवर आपटून परत यायचा आणि फोनवर पांढरा गोळा दिसायचा. कॅमेरेवालीने तो उजेड बंद केला, कॅमेरा काचेच्या अगदी जवळ सरकवला आणि टाकीवर रात्रभर एक मंद दिवा ठेवायला सांगितला. इंटरनेट काकूंकडे नव्हतंच. शेजारच्या मोबाईलवाल्याने आपल्या वायफायचा पासवर्ड दिला. "काकू, माझं काय जातंय," म्हणाला.

पहिल्या दिवशी काकूंचा फोन वेड्यासारखा वाजत राहिला. हालचाल दिसली, हालचाल दिसली, हालचाल दिसली. माशांच्या टाकीत हालचाल नाही तर काय होणार? कॅमेरेवालीने फोनवरच समजावलं आणि काकूंनी बोटाने पानाभोवती चौकट आखली. आता त्या चौकटीत काही हललं तरच फोन वाजणार. तरी वाजायचा, पण माणसासारखा.

आणि राणीसाहेबांनी तिसऱ्यांदा अंडी घातली.

काकूंना जेवण गेलं नाही. दुपारभर दर ग्राहकाला त्या आधी पान दाखवत, मग काय हवं ते विचारत. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आल्या आणि फोन हातात धरून बसल्या. फोन गप्प. रात्रभर गप्प. सकाळी त्या धावत गेल्या, अंडी जागच्या जागी होती. आनंदाने त्यांना काय करू नि काय नको झालं. केर काढला, पाणी बदललं, मधेमधे येऊन पाहिलं. मग दहाच्या सुमाराला शेजारचं शटर वाजलं आणि थोड्या वेळात काकूंच्या खिशातला फोन थरथरला.

तुकडा छोटासा होता. नवरोबा पानापाशी. तोंड उघडलं, मिटलं. पानावर शेवटची चार अंडी होती, ती तीन झाली. दोन झाली.

"बघा," काकूंनी फोन काकांच्या नाकासमोर धरला. "रंगेहाथ."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला, तुकडा पुन्हा पाहिला. "हा शेवट आहे," ते म्हणाले. "आधीचं कुठाय? बाकीची अंडी कुणी खाल्ली? संध्याकाळपासून आत्तापर्यंत एकही तुकडा नाही."

खरंच नव्हता. काका शेजारी गेले आणि विचारून आले. मोबाईलवाला संध्याकाळी घरी जाताना दुकानाचं मेन स्विच खाली करायचा. मेन बंद, वायफाय बंद. वायफाय बंद म्हणजे क्लाउड आंधळा. संध्याकाळपासून दहा वाजेपर्यंत कॅमेरा बघत होता, पण बघितलेलं ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

"म्हणजे साक्षीदार रात्रभर झोपला होता आणि फाशीच्या वेळी उठला," काका म्हणाले. "अशा साक्षीवर मी तरी त्याला घराबाहेर काढू देणार नाही. कार्ड आणू."

नणंदेने आपलं स्वतंत्र इंटरनेट घ्यायचा सल्ला दिला. पण काकूंच्या डोक्यात आता वेगळंच चाललं होतं. त्यांना तुकडे नको होते. आधीचं काय झालं ते हवं होतं. त्यांनी कॅमेरेवालीला फोन केला. तिने दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेलं टिकाऊ कार्ड आणलं. साधं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर मान टाकतं, असं ती म्हणाली. नखाएवढी ती वस्तू खाचेत टक्कन बसली आणि फोनवर एक लांबलचक निळी पट्टी उमटली. त्या पट्टीत कुठेही खंड नव्हता. काकू तिच्यावर बोट फिरवत राहिल्या. बोट मागे नेलं की दुपार, आणखी मागे नेलं की सकाळ.

फुकटचे दिवस संपायच्या आत काकूंनी क्लाउड बंदही करून टाकला. काका त्या दिवशी उगीचच गुणगुणत होते.

चौथ्यांदा अंडी आली तेव्हा काकूंनी ठरवलं, आता छातीवर दगड ठेवायचा. नवरोबाला काढायचं नाही. जे होईल ते होऊ द्यायचं. दुसऱ्या सकाळी तेच झालं. दुकान उघडताना अंडी होती, शेजारचं शटर वाजेपर्यंत पान स्वच्छ. पण या वेळी काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कार्डावरचं फोनवर बघायलाही वायफाय लागायचं, म्हणून त्या शेजारच्या दारात उभ्या होत्या.

"लाव की रे वायफाय लवकर."

"काकू, चप्पल तरी काढू दे."

वायफाय लागलं. काका स्टूल घेऊन बसले, काकू उभ्याच. पट्टी आदल्या संध्याकाळवर नेली. मंद दिव्यात पान दिसत होतं आणि पानासमोर नवरोबा. तो पंखांनी वारा घालत होता. काकूंनी बोट सरकवलं. वारा घालत होता. आणखी सरकवलं. राणीसाहेब आल्या, तो बाजूला झाला, त्यांनी वारा घातला. पाळ्या लावून काम चाललं होतं.

"अहो, हा बघा कोण आला," काकू कुजबुजल्या.

खालून काचेवरून काळं काहीतरी सरकत वर येत होतं. काच चाटून साफ करणारा मासा. दिवसभर दगडासारखा पडून राहणारा, ज्याला काकू 'आमचा झाडूवाला' म्हणायच्या. तो पानाकडे निघाला. नवरोबा बाणासारखा सुटला आणि त्याला धडक दिली. झाडूवाला पडला, पुन्हा आला, पुन्हा धडक. तिसऱ्या वेळी नवरोबाने त्याला कोपऱ्यापर्यंत हाकलत नेलं आणि परत येऊन वारा घालायला लागला, जणू मधे काही झालंच नाही.

काकांची छाती थोडी पुढे आली.

"मग खाल्ली कुणी?" काकू म्हणाल्या. पट्टी सकाळवर आली. जोडी शांत, अंडी सगळी जागेवर. मग एकाएकी पाणी हादरलं. खडाडकन शटर. दोघं दचकून पानाला चिकटले. लगेच धाडकन ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. नवरोबा एकीकडे उडाला, राणीसाहेब दुसरीकडे. आणि मग टाकीच्या पलीकडून, अख्ख्या काचेभर पसरलेलं, एक भलंमोठं तोंड आलं. नाक काचेला दाबून चपटं झालेलं. शेजारी टॉर्चचा सूर्य.

काकूंना आपलं तोंड ओळखायला एक क्षण लागला.

तोंड गेलं. मासे हळूहळू परत आले, वारा घालू लागले. तोंड पुन्हा आलं. टॉर्च. मासे पळाले. तोंड गेलं, पुन्हा आलं. किती वेळा ते काकूंनी मोजलं नाही. शेवटी दोघं मासे पानासमोर येऊन थांबले, आणि राणीसाहेबांनीच पहिलं अंडं खाल्लं. मग नवरोबाने. जिथे एवढा मोठा राक्षस दर थोड्या वेळाने येतो, तिथे पोरं वाढवण्यात अर्थ नाही असं त्यांनी आपसात ठरवल्यासारखं.

काकूंना वाटलं आता रडू येईल. पण आलं ते हसू, तेही असं की त्यांना स्टूलासाठी काकांना उठवावं लागलं.

"मीच की हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याच मायेने."

काकांच्या जिभेवर निदान दहा वाक्यं आली असतील. एकही त्यांनी बाहेर काढलं नाही. ते पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "नवरोबाचा झाडूवाल्याला हाणतानाचा भाग फोनवर उतरवून घे. कार्ड फिरून आलं की पुसलं जाईल."

तो भाग काकूंनी उतरवून घेतला आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीने पाहिला.

मग दुकानाची रीत बदलली. झाडूवाल्याची बदली दुसऱ्या टाकीत झाली. काकांनी शटरच्या खाचांना तेल दिलं आणि रोज सकाळी ते स्वतः येऊन ते हाताने हळूहळू वर करू लागले. ट्यूबलाइट एकदम लावायची नाही, आधी दाराचा उजेड येऊ द्यायचा. टाकीच्या दोन बाजूंना काळा कागद लागला. आणि काकूंनी टॉर्चला हात लावायचा नाही. बघायचं असेल तर फोनवर, तेही गल्ल्यामागे बसून. काकू तीन हातांवरच्या टाकीकडे पाठ करून तीच टाकी फोनवर बघायच्या. ग्राहकांना वाटायचं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

पाचव्या वेळची अंडी पहिली सकाळ टिकली. दुसरी टिकली. काकूंचं वजन उतरलं असेल. तिसऱ्या दिवशी फोनवर पानाचा भाग मोठा करून पाहिला तर प्रत्येक मोत्याला केसाएवढी शेपटी होती आणि ती सगळी वळवळत होती. काकूंनी काकांचा दंड असा धरला की वळ उठला.

त्याच दुपारी मात्र काळजाचं पाणी झालं. काकू बघत असताना नवरोबा पानापाशी गेला, तोंड उघडलं आणि वळवळणारे चार-पाच जीव एका घासात आत घेतले. मग पुन्हा. आणखी एकदा.

काकू उठल्या. भिंतीवरची जाळी त्यांच्या हातात कधी आली कळलं नाही.

"थांब," काका म्हणाले.

"खातोय तो, अहो. मी इथे बसले होते, काही केलं नाही, तरी खातोय."

"आधी मागे घेऊन बघ. मग काय करायचं ते कर."

काकूंनी जाळी काखेत धरली आणि पट्टी मागे नेली. नवरोबाने तोंडात घेतले, हो. पण गिळल्यासारखं गळा हलला नाही. तो तसाच गाल फुगवून वळला आणि चौकटीच्या कडेला, दुसऱ्या पानापाशी गेला. तिथे तोंड पुढे केलं आणि फुंकर घातल्यासारखं केलं. नव्या पानावर चार-पाच शेपट्या चिकटून वळवळू लागल्या. एक खाली पडली. राणीसाहेबांनी ती वरच्यावर झेलली आणि परत जागेवर नेऊन चिकटवली.

"घर बदलतोय," काकू म्हणाल्या. "सामान हलवतोय तो."

त्यांनी ते पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. मग शेजारच्या मोबाईलवाल्याला हाक मारली, नणंदेला फोन लावला आणि कॅमेरेवालीलाही. नणंद दुकान तसंच सोडून आली. "माझ्या कॅमेऱ्यात नुसते चोर दिसतात," ती म्हणाली, आणि त्यात थोडा हेवा होता. पण तिने आपला क्लाउड सोडला नाही, आणि काकूंनीही तिला सोडायला सांगितलं नाही. तिच्या दुकानात तेच बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी पानावर कुणीच नव्हतं. काकूंनी नजर थोडी वर नेली. पाण्यात धुळीचा ढग उठावा तसा एक ढग होता, आणि तो ढग पोहत होता. पुढे राणीसाहेब, मागे नवरोबा, मधे ती सगळी. एक पिल्लू भरकटलं तर नवरोबा जाऊन त्याला तोंडात घ्यायचा आणि ढगात आणून सोडायचा.

काकूंनी रात्रीच मिठाच्या पाण्यात बारीक कोळंबीची अंडी उबवायला ठेवली होती. नारिंगी धुरासारखं ते खाद्य त्यांनी नळीने थेंबथेंब सोडलं. पहिल्या पिल्लाचं पोट नारिंगी झालं, दुसऱ्याचं झालं, आणि मग ढगभर नारिंगी ठिपके पेटत गेले. काकू मागे सरकल्या. काचेपासून चांगल्या दोन हात लांब.

"अहो, इकडे या," त्या हळूच म्हणाल्या. "हळू या. पायांचा आवाज करू नका."

काका चपला हातात घेऊन आले.